सोनूची योजना एका पानात मावली पाहिजे



एडीएचडी, म्हणजे अवधान टिकवण्यातली अडचण आणि अतिचंचलता असलेलं मूल वर्गात असलं की त्याच्यासाठी ‘वर्गातील सवलतींची योजना’ तयार करा असं सांगितलं जातं. अशा योजना मी बऱ्याच पाहिल्या आहेत. समावेशित शिक्षणाचं काम आमच्या शाळेत माझ्याकडे असल्यामुळे त्या आधी माझ्या टेबलावर येतात. माझं स्पष्ट मत असं आहे की त्यातल्या बहुतेक योजना वर्गशिक्षकासाठी लिहिलेल्याच नसतात. त्या फायलीसाठी असतात. मुलाचं नाव खोडून दुसऱ्याचं घातलं तरी चालेल अशी ती यादी असते.

गेल्या वर्षी चौथीतल्या एका मुलासाठी अशी यादी आली. त्या मुलाला इथे सोनू म्हणू. यादीत १९ मुद्दे होते. पुढच्या बाकावर बसवावे, वैयक्तिक लक्ष द्यावे, सूचना सोप्या द्याव्यात, प्रोत्साहन द्यावे, जास्तीचा वेळ द्यावा, वगैरे. एकही मुद्दा चुकीचा म्हणता येणार नाही. पण चौथीच्या बाईंनी ती वाचून मला विचारलं, “म्हणजे उद्या पहिल्या तासाला मी नक्की काय करू?” याचं उत्तर त्या दोन पानांत कुठेच नव्हतं.

‘वैयक्तिक लक्ष’ हे एकच घ्या. बाईंच्या वर्गात ४१ मुलं. तास ३५ मिनिटांचा. सगळा तास वाटून टाकला तरी एका मुलाच्या वाट्याला ५१ सेकंद येतात. मग हे लक्ष कधी द्यायचं, कशावर द्यायचं, किती वेळा द्यायचं हे योजनेत नको का लिहायला? ते लिहिलं नाही की बिचाऱ्या बाई मुलाचं नाव घेत राहतात. “सोनू, खाली बस. सोनू, वहीत बघ. सोनू, किती वेळा सांगू?” हेही वैयक्तिक लक्षच झालं की!

म्हणून आम्ही यादी बाजूला ठेवली आणि आधी मोजायला बसलो.

मोजणी आधी, सवलत नंतर

माझा ऑफ तास आणि चौथीचा गणिताचा तास एकाच वेळी येत होता. पाच दिवस मी वर्गात मागे बसले. दर पाच मिनिटांनी मान वर करून एकदाच बघायचं: सोनू या क्षणी दिलेल्या कामावर आहे की नाही? असेल तर बरोबरची खूण, नसेल तर फुली. एका तासात सात वेळा, पाच दिवसांत ३५ वेळा. शेजारच्या रांगेतल्या एका साधारण, फार हुशार नाही आणि फार दंगेखोरही नाही अशा मुलाचीही तशीच मोजणी केली. ही दुसरी मोजणी कुणी सोडू नये. नाहीतर आपण सोनूची तुलना मनातल्या आदर्श विद्यार्थ्याशी करतो, आणि तसा विद्यार्थी कुठल्याच वर्गात नसतो.

शेजारचा मुलगा ३५ पैकी २६ वेळा कामावर होता. सोनू १२ वेळा. पण मला खरी गोष्ट दिसली ती त्या बारांच्या वाटणीत. तासाच्या पहिल्या दहा मिनिटांतल्या दहा नोंदींपैकी आठ वेळा तो कामावर होता, आणि पुढच्या २५ नोंदींपैकी फक्त चार वेळा. म्हणजे मुलगा बसतो. दहा मिनिटं बसतो. दहाव्या मिनिटानंतर काहीतरी होतं.

काय होतं ते वहीत दिसलं. बाई फळ्यावर आठ शाब्दिक उदाहरणं लिहीत होत्या. आपल्याकडची पद्धत अशी की आधी प्रश्न वहीत उतरवायचा आणि मग सोडवायचा. बाराव्या मिनिटाला वर्ग तिसऱ्या उदाहरणावर होता आणि सोनू दुसऱ्या उदाहरणाचा प्रश्नच उतरवत होता. फळ्याकडे बघायचं, दोन-तीन शब्द डोक्यात धरायचे, वहीकडे यायचं, कुठे होतो ते शोधायचं, लिहायचं, पुन्हा फळा. प्रत्येक फेरीत त्याची जागा हरवत होती. तास संपेपर्यंत त्याची दोन उदाहरणं झाली, आणि दोन्ही बरोबर होती. गणित त्याला येत होतं. तो दमत होता तो उतरवण्यात.

एडीएचडीबद्दलचा सगळ्यात मोठा गैरसमज इथेच मोडतो. सोनूची आई म्हणायची, “बाई, टीव्हीसमोर तासभर हलत नाही हो, मग अभ्यासालाच काय होतं?” प्रश्न रास्त आहे. टीव्हीवर दर काही सेकंदांनी नवीन काहीतरी घडतं, लक्ष तिथे आपोआप ओढलं जातं. फळ्यावरून उतरवताना ते स्वतःहून धरून ठेवावं लागतं, आणि या मुलांना नेमकं तेच जड जातं. शिवाय ऐकलेली गोष्ट काम होईपर्यंत डोक्यात धरून ठेवणं आणि वेळेचा अंदाज येणं या दोन ठिकाणीही ती अडतात. रसेल बार्कली या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी आयुष्यभर यावर काम केलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की या मुलांना काय करायचं ते माहीत असतं, माहीत असलेलं त्या क्षणी करता येत नाही. म्हणून मदतही त्या क्षणी आणि त्या जागीच पोचली पाहिजे. सोमवारी सकाळी परिपाठानंतर दिलेला उपदेश मंगळवारच्या गणिताच्या तासाला उपयोगी पडत नाही.

योजनेचं पान

पाच दिवसांच्या मोजणीनंतर बाई, सोनूची आई आणि मी अर्धा तास बसलो आणि एका पानावर मावेल एवढंच लिहिलं. जसं होतं तसं देते:

- जागा: दुसरा बाक, मधल्या वाटेच्या कडेला. दार आणि खिडकीपासून लांब.
- सूचना: एका वेळी एक. फळ्याच्या डाव्या कोपऱ्यात १, २, ३ असे आकडे घालून लिहायची. सोनूने पहिली सूचना हळू आवाजात परत सांगायची.
- गणित: प्रश्न उतरवायचे नाहीत, क्रमांक घालून फक्त रीत आणि उत्तर. उदाहरणं तीन पट्ट्यांवर (३, ३ आणि २). एक पट्टी झाली की उठून टेबलाशी येऊन दाखवायची, मग पुढची घ्यायची.
- घटक चाचणी: २० गुणांचा कागद दहा-दहाच्या दोन तुकड्यांत. पहिला गोळा केल्यावर पाणी पिऊन यायचं, मग दुसरा.
- मधली सुट्टी: कुठल्याही कारणासाठी कापायची नाही.
- रोजचं कार्ड: पाच खुणा, डायरीच्या आतल्या पानावर.
- खाली बाईंची, आईची आणि मुख्याध्यापकांची सही. सहा आठवड्यांनी पुन्हा बसायचं.

एवढंच. आता यातल्या काही ओळी अशाच का, ते सांगते.

‘पुढच्या बाकावर बसवावे’ हे प्रत्येक यादीत असतं. आपल्या वर्गात पहिल्या बाकासमोर काय असतं ते आठवा. दार तिथेच, बाईंचं टेबल तिथेच, वही तपासून घ्यायला मुलांची रांग तिथेच. शिपाई मामा सूचना घेऊन येतात तेही तिथेच. शिवाय मागे काय चाललंय ते बघायला पहिल्या बाकावरच्या मुलाला पूर्ण वळावं लागतं, आणि सोनू वळणारच. दुसऱ्या बाकावर वाटेच्या कडेला बसलं की बाई फिरताना सहज जवळून जातात, बाकावर दोन बोटं टेकवली तरी पुरतं. नाव घ्यावं लागत नाही. शेजारी शांत मूल बसवावं, पण त्या मुलाला ‘सोनूवर लक्ष ठेव’ असं सांगू नये. नऊ वर्षांच्या मुलाला दुसऱ्या नऊ वर्षांच्या मुलाचा पोलीस करणं दोघांवरही अन्याय आहे.

सूचनांचंही तसंच. “वह्या काढा, तारीख घाला, पुस्तकाचं पान ४७ उघडा आणि तिसरा प्रश्न सोडवायला घ्या.” हे आपण एका श्वासात बोलतो. चार सूचना झाल्या. सोनूच्या हाती पहिली लागते, कधी शेवटची. मग तो वही काढून बसतो आणि इकडेतिकडे बघतो, आणि आपल्याला वाटतं की ऐकलंच नाही. फळ्याच्या कोपऱ्यात आकडे घालून लिहिलं की जे डोक्यात धरायचं होतं ते समोर दिसतं. या एका बदलाचा फायदा वर्गातल्या आणखी पाच-सहा मुलांना झाला असं बाईंचं निरीक्षण.

सगळ्यात जास्त वाद झाला तो प्रश्न न उतरवण्यावर. आईला काळजी की वही अपुरी दिसेल. बाईंना काळजी की वही तपासणीच्या वेळी केंद्रप्रमुख विचारतील. म्हणून मुख्याध्यापकांची सही हवी होती. मला इथे एक फरक स्पष्ट करावासा वाटतो, कारण शिक्षकांच्या चर्चेत तो कायम पुसला जातो. सोनूला आठऐवजी चार उदाहरणं दिली असती तर ती अभ्यासक्रमातली कपात झाली असती. आठच्या आठ ठेवून फक्त उतरवणं काढलं, ही सवलत. तासाचं उद्दिष्ट गुणाकाराची उदाहरणं सोडवणं हे असेल तर उतरवणं हे त्या तासाचं उद्दिष्ट नाही, ते सोडून देता येतं. मराठीच्या तासाला शुद्धलेखन असेल तर तिथे उतरवणं हेच उद्दिष्ट आहे, तिथे ही सवलत लागू नाही. प्रत्येक सवलतीला हा एक प्रश्न विचारावा: आज या तासाला मी काय शिकवतेय? जे शिकवत नाही तेवढंच काढायचं.

पट्टी झाली की उठून टेबलाशी यायचं, यातही हिशोब आहे. सोनू उठणारच आहे. दहाव्या-बाराव्या मिनिटाला त्याचं अंग उठतंच. तर त्या उठण्याला कामाशी बांधून टाकलं. शिवाय आठ उदाहरणं संपेपर्यंत वाट बघण्याऐवजी तीन झाल्या झाल्या त्याला ‘बरोबर आहे’ हे कळतं. टीव्ही जे करतो तेच थोडंसं.

‘जास्तीचा वेळ’ आम्ही मुद्दाम लिहिला नाही. चाळीस मिनिटांच्या चाचणीत जो मुलगा वीस मिनिटांनंतर भरकटतो, त्याला साठ मिनिटं दिली तर भरकटायला आणखी वीस मिनिटं मिळतात. ज्याचा लेखनाचा वेगच कमी आहे त्याला जास्तीचा वेळ उपयोगी आहे, त्याबद्दल वाद नाही. सोनूला कागदाचे दोन तुकडे आणि मध्ये दोन मिनिटं जास्त कामाची होती.

आणि मधली सुट्टी. काम अपुरं राहिलं की ‘सुट्टीत बसून पूर्ण कर’ ही आपल्याकडची सगळ्यात सोपी शिक्षा. अतिचंचल मुलाच्या बाबतीत ती सगळ्यात उलटी पडते. ज्याला हालचालीची गरज जास्त, त्याचीच हालचाल काढून घ्यायची आणि वर चौथ्या तासाला तो शांत बसावा अशी अपेक्षा करायची! अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्येच म्हटलंय की सुट्टी शिक्षा म्हणून रोखू नये. आपल्याकडेही हे लिहून ठेवलं तरच पाळलं जातं, म्हणून योजनेत स्वतंत्र ओळ.

कार्ड, आणि ते कुठे फसतं

रोजच्या कार्डाची पद्धत जुनी आहे आणि एडीएचडीच्या बाबतीत पुष्कळ तपासली गेलेली आहे. पण ती ज्या रीतीने शाळांमध्ये वापरली जाते त्यात दोन ठिकाणी हमखास घोळ होतो.

पहिला घोळ शब्दांचा. ‘आज चांगलं वागला’ ही खूण मोजता येत नाही. ती बाईंच्या त्या दिवशीच्या डोकेदुखीवर अवलंबून असते. सोनूच्या कार्डावर पाच गोष्टी होत्या: गणिताची पहिली पट्टी पूर्ण, दुसरी पट्टी पूर्ण, गणिताच्या तासाला हात वर न करता बोलणं सहा वेळा किंवा त्याहून कमी, मराठीच्या तासाला तेच, आणि शाळा सुटताना गृहपाठ डायरीत लिहिलेला.

सहा वेळा? हो, सहा वेळा. यावर स्टाफरूममध्ये बरंच हसून झालं. पण मोजणीच्या आठवड्यात तो सरासरी नऊ वेळा बोलत होता. ‘एकदाही बोलायचं नाही’ असं लिहिलं असतं तर त्याने पहिल्या दहा मिनिटांत ती खूण गमावली असती आणि उरलेली पंचवीस मिनिटं गमावण्यासारखं काही उरलंच नसतं. सुरुवातीचं लक्ष्य असं हवं की मूल बहुतेक दिवशी ते गाठेल. दोन आठवडे सहज गाठलं की एक पायरी वर. निम्म्याहून कमी दिवस गाठत असेल तर चूक लक्ष्याची आहे, ते खाली आणायचं.

दुसरा घोळ घरचा. पाचपैकी तीन खुणा मिळाल्या की घरी बाबांबरोबर पंधरा मिनिटं कॅरम, असं ठरलं होतं. पहिल्या आठवड्यात खुणा आल्या ४, ४, ३, ४, ५. सगळे खूश. दुसऱ्या आठवड्यात ४, ३, २, २, ३. इथे बऱ्याच शाळांमध्ये कार्ड बंद पडतं, ‘नव्याचे नऊ दिवस’ म्हणून. खरं कारण कार्डावर दिसत नव्हतं. आईला विचारल्यावर कळलं की बाबांची दुसरी पाळी सुरू झाली होती, ते रात्री उशिरा घरी येत होते आणि कॅरम ‘रविवारी एकदम खेळू’ वर गेला होता. या मुलांसाठी रविवार म्हणजे पुढचं वर्ष. बक्षीस त्याच संध्याकाळी मिळालं नाही तर ते नसल्यातच जमा. आजीबरोबर सापशिडी असा बदल केला, तिसऱ्या आठवड्यात खुणा पुन्हा तीन-चारच्या घरात आल्या. म्हणून खुणा घसरल्या की वर्गात काय बदललं हे बघण्याआधी घरी काय बदललं ते विचारावं. आणि बक्षीस पैशाचं नको. वेळेचं हवं, छोटं हवं, रोजचं हवं.

एक बारीक गोष्ट. कार्ड घरी नेण्याची जबाबदारी पहिल्या दोन आठवड्यांत मुलावर टाकू नये. विसरणं हीच ज्याची अडचण, त्याला ‘कार्ड विसरलास म्हणून शून्य’ म्हणणं योग्य नाही. डायरीत चिकटवलं आणि शेवटच्या तासाला बाईंनी डायरी दप्तरात गेली एवढं बघितलं.

‘एकासाठी चाळीसांचं नुकसान’

हा आक्षेप मी नेहमी ऐकते आणि तो मला खोटा वाटत नाही. एका शिक्षकाला ४१ मुलं असताना वेळ हाच खरा प्रश्न आहे. शिक्षण हक्क कायद्यात प्राथमिकला तीस मुलांमागे एक शिक्षक म्हटलंय, पण वर्गात उभं राहिल्यावर कायद्यातला आकडा कामाला येत नाही.

म्हणून हाही हिशोब केला. मोजणीच्या आठवड्यात मी सोनूच्या नावाचा पुकाराही मोजला होता. गणिताच्या एका तासात सरासरी अकरा वेळा. प्रत्येक वेळी शिकवणं थांबतं, सगळा वर्ग सोनूकडे बघतो, मग बाई पुन्हा धागा पकडतात. पंधरा-वीस सेकंद तरी जातात. म्हणजे एका तासात तीन मिनिटांच्या वर, आणि तेवढा वेळ ४१ जणांचा जातो, एकट्या सोनूचा नाही. योजनेत बाईंचा वेळ कुठे जातो? पट्टी तपासायला तीनदा वीस सेकंद, कार्डावर खूण करायला अर्धं मिनिट. दीड मिनिट झालं. पट्ट्या आदल्या दिवशी कापून ठेवायला दोन मिनिटं. पहिल्या आठवड्यात जास्त लागलं हे खरं, कारण सवय नव्हती.

दुसरी मुलं विचारतात, “बाई, त्यालाच पट्टी का?” बाईंनी सोपं केलं. ज्याला हवी त्याने पट्टी घ्या म्हणाल्या. पहिल्या दिवशी बारा जणांनी घेतली, आठवड्याभरात तिघं उरली. त्या तिघांपैकी एका मुलीकडे बाईंचं लक्ष तेव्हाच गेलं. ती कुणाला त्रास देत नाही, खिडकीतून बघत बसते, आणि तिची वही सोनूइतकीच रिकामी होती. एडीएचडीत चंचलता नसून फक्त अवधानाचीच अडचण असू शकते, आणि अशी शांत मुलं, त्यातही मुली, आपल्या नजरेतून सुटतात.

राहिला तो जुना उपाय. सोनूचे बाबा पहिल्या भेटीत म्हणाले होते, “बाई, सरळ दोन ठेवून द्या, आमची काही तक्रार नाही.” पालकांनी परवानगी दिली म्हणून मारता येत नाही, शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हीला बंदी आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी बाबांना मी एवढंच दाखवलं: पहिल्या दहा मिनिटांत दहापैकी आठ, नंतर पंचवीसपैकी चार. मुद्दाम करणारं मूल आधी दहा मिनिटं नीट बसून मग दमेल कशाला?

योजनेच्या मर्यादा

हे सगळं निदान नव्हे. निदान मनोविकारतज्ज्ञ किंवा विकासात्मक बालरोगतज्ज्ञ करतात. लक्षणं बाराव्या वर्षाच्या आत सुरू झालेली हवीत, किमान सहा महिने टिकलेली हवीत आणि घर व शाळा अशा दोन ठिकाणी दिसायला हवीत असे त्यांचे निकष आहेत. म्हणून शिक्षकाच्या मोजणीचा कागद डॉक्टरांना फार उपयोगी पडतो. ‘फार मस्ती करतो’ यापेक्षा ‘दहाव्या मिनिटानंतर पंचवीसपैकी चार’ यातून त्यांना जास्त कळतं. कमी ऐकू येणं, नजर कमी असणं, रात्रीची अपुरी झोप, किंवा काही सेकंद शून्यात बघत राहण्याचे फिट्सचे झटके, यांनीही मूल वर्गात असंच दिसू शकतं. या गोष्टी आधी तपासून घ्याव्यात हे पालकांना सांगणं आपलं काम आहे. औषध द्यायचं की नाही हे सांगणं आपलं काम नाही. मूल औषध घेत असेल तर डबा न खाता परत जातोय का आणि दुपारनंतर फरक पडतो का, एवढं टिपून पालकांना कळवावं. भूक मंदावणं हा मिथाइलफेनिडेट या औषधाचा नेहमीचा परिणाम आहे, आणि त्याचा एक प्रकार साधारण चार तासच टिकतो.

प्रमाणपत्राचा प्रश्न पालक लगेच विचारतात. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात २१ प्रकारांची यादी आहे. त्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, एडीएचडी हे नाव स्वतंत्रपणे नाही. त्यामुळे पुढे बोर्डाच्या परीक्षेतल्या सवलतींचा रस्ता वेगळा आणि लांबचा आहे. पण बाक बदलणं, पट्टी कापणं, फळ्याच्या कोपऱ्यात आकडे घालणं यासाठी कुठल्याही प्रमाणपत्राची वाट बघायची गरज नाही. वर्गशिक्षक आणि मुख्याध्यापक मिळून ते उद्यापासून करू शकतात.

सहा आठवड्यांनी मी पुन्हा पाच दिवस मागे बसले. गणिताच्या तासाला सोनू ३५ पैकी २१ वेळा कामावर होता, शेजारचा मुलगा २७ वेळा. आठपैकी सहा उदाहरणं होत होती. नावाचा पुकारा अकरावरून चारवर आला होता. मराठीच्या तासाला मात्र फारसा फरक नव्हता. खुणा मिळत होत्या, बोलणं कमी झालं होतं, पण उतारा वाचताना तो अजूनही अक्षराला अक्षर जुळवत होता आणि ओळ चुकत होता. हे लक्षाचं नाही, वाचनाचं दिसत होतं. एडीएचडीबरोबर वाचनाची अध्ययन अक्षमता बऱ्याचदा असते, आणि सवलतींनी वाचन शिकवलं जात नाही. ते वेगळं तपासायला आईला सांगितलं आणि बाईंनी रोज दहा मिनिटांचं वाचन वेगळं सुरू केलं.

दिवाळीनंतर बाईंना आठवडाभर निवडणुकीच्या कामाला जावं लागलं (शिक्षकाला शिकवायला कधी बोलावतात देव जाणे) आणि बदली सरांना योजनेची कल्पनाच नव्हती. पट्ट्या टेबलाच्या खणात राहिल्या, सोनू दोन दिवस सुट्टीत कोंडला गेला. तेव्हापासून पानाची एक प्रत हजेरीपटाच्या पहिल्या पानाला टाचलेली असते. हजेरी घ्यायला जो येईल त्याला ती दिसतेच.

मार्चमध्ये शेवटची बैठक झाली. ‘सूचना परत सांगायची’ ही ओळ आम्ही काढून टाकली, कारण फळ्याचा कोपरा पुरत होता. हात वर न करता बोलण्याचं लक्ष्य सहावरून तीनवर आलं होतं. पट्ट्या तीनऐवजी दोन झाल्या, चार-चारच्या. प्रश्न न उतरवणं आणि मधली सुट्टी या दोन ओळी तशाच ठेवल्या. ते पान जूनमध्ये पाचवीच्या सरांच्या हातात दिलं, सोबत मोजणीचे दोन कागद. सरांनी वाचलं आणि म्हणाले, “पाचवीत विषयाला वेगवेगळे शिक्षक येतात. हे पान सगळ्यांना द्यावं लागेल.” त्याच दुपारी त्यांनी चार झेरॉक्स काढून आणल्या.